‘पास्टर, ही तारीख खरी आहे का?’ : शेवटच्या काळाच्या फॉरवर्डला मंडळीत शांतपणे उत्तर देताना

रात्री साडेदहाला मंडळीतल्या कोणाचा तरी मेसेज येतो. बारा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ, त्यावर फॉरवर्डचे दोन बाण आणि खाली एकच ओळ: “पास्टर, हे खरं आहे का?” व्हिडिओत कोणीतरी प्रभूच्या येण्याची तारीख सांगितलेली असते. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ आणखी चौघांकडून येतो आणि रविवारी उपासनेनंतर दाराशी त्याचीच कुजबुज चालते.

शेवटच्या काळाबद्दल प्रश्न अनेक येतात. श्वापदाचा शिक्का, भूकंप, लढाया, लाल चंद्र, सगळंच येतं. इथे मी त्यातला एकच प्रकार घेतो, तो म्हणजे तारीख सांगणारा व्हिडिओ. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते त्याने, आणि त्याला नीट उत्तर देण्याची सवय लागली की बाकीच्यांनाही त्याच वाटेने जाता येतं.

ग्रुपवर लगेच उत्तर देऊ नका

सुरुवातीच्या वर्षांत ही चूक मी केली आहे. मंडळीच्या ग्रुपवर असाच व्हिडिओ आला, तेव्हा मी मत्तय २४:३६ टाकलं आणि वर लिहिलं, “वचन स्पष्ट आहे, असे व्हिडिओ पाठवू नका.” अर्ध्या तासात ग्रुपवर वाद पेटला. एकाने लिहिलं, “म्हणजे प्रभू येणारच नाही का?” दुसऱ्याने आणखी दोन व्हिडिओ टाकले. ज्या बहिणीने पहिला व्हिडिओ पाठवला होता, ती पुढचे तीन रविवार उपासनेला आली नाही. तिला फक्त भीती वाटत होती, आणि मी सगळ्यांसमोर तिला गप्प केलं होतं.

आता मी ग्रुपवर एवढंच लिहितो: “व्हिडिओ मिळाला. मी तो पूर्ण पाहतो आणि शास्त्रभागांसोबत पडताळतो. रविवारी उपासनेनंतर यावर बोलू. तोवर कोणाच्या मनात भीती असेल तर मला फोन करा.” पाठवणाऱ्याला मात्र त्याच दिवशी वेगळा फोन करतो. पुष्कळदा त्या फोनवरच खरा प्रश्न समजतो.

फॉरवर्डच्या दोन बाणांबद्दल एक गोष्ट लोकांना समजावून ठेवा. तो मेसेज बऱ्याच हातांतून फिरत आला आहे, एवढंच ते बाण सांगतात. पाच ठिकाणांहून एकच व्हिडिओ आला की ‘सगळे हेच सांगताहेत’ असं वाटायला लागतं. खरं तर सांगणारा एकच असतो आणि पाठवणारे पाच.

व्हिडिओ पूर्ण पाहा, हातात कागद घेऊन

न पाहता दिलेलं उत्तर लोकांना लगेच कळतं. “पास्टर, तुम्ही शेवटचा भाग पाहिलाच नाही,” असं एकदा कोणी म्हणालं की पुढचं काही ऐकलं जात नाही. म्हणून पूर्ण पाहा, आणि कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात व्हिडिओतली घटना किंवा माहिती, म्हणजे काय घडलं. दुसऱ्यात त्यात दाखवलेले शास्त्रभाग, मागचापुढचा अध्याय वाचून, म्हणजे वचन काय सांगतं. तिसऱ्यात बोलणाऱ्याने स्वतः काय जोडलं ते.

तारीख जवळजवळ नेहमी तिसऱ्या रकान्यात सापडते. घटना खरी असते, वचन तर खरंच असतं, आणि त्या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये माणसाने सांधा घातलेला असतो. ऐकणाऱ्याला तो सांधा दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंची भिंत भक्कम असते.

पहिल्या रकान्यातली माहितीही तपासून घ्या, पण त्यात रात्र घालवू नका. व्हिडिओतलं एखादं दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि चित्रावरून शोधा. कितीतरी वेळा ते दृश्य काही वर्षांपूर्वीचं आणि भलत्याच देशातलं निघतं. निघालं तर तेवढं सांगा. मात्र तुमचं सगळं उत्तर त्यावर उभं करू नका, कारण पुढच्या व्हिडिओतलं दृश्य ताजं आणि खरं असू शकतं. मग “मागच्या वेळी खोटं होतं, आता तर खरं आहे ना?” या प्रश्नावर तुमच्याकडे काहीच उरत नाही.

एक तारीख उलगडून पाहू

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये जगभर एक दावा पसरला होता: प्रभू आपल्या लोकांना २३ किंवा २४ सप्टेंबरला वर घेऊन जाणार. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने आपल्याला दर्शन झाल्याचं एका मुलाखतीत सांगितलं, आणि तिथून त्याचे तुकडे हजारो लोकांच्या फोनवर पोहोचले. हा दावा आपल्या तीन रकान्यांत मांडून पाहू.

पहिला रकाना. त्या वर्षी यहुद्यांचा कर्ण्यांचा सण २२ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होऊन २४ च्या संध्याकाळी संपणार होता. ही माहिती बरोबर आहे.

दुसरा रकाना. लेवीय २३:२३-२५ मध्ये सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी विसावा घ्यावा, कर्णे वाजवावेत आणि अर्पण आणावं अशी आज्ञा आहे. १ करिंथ १५:५२ मध्ये शेवटच्या कर्ण्याचा उल्लेख आहे. १ थेस्सलनीका ४:१६ मध्येही प्रभूच्या येण्याबरोबर तो नाद आहे. हेही बरोबर.

तिसरा रकाना. पौलाचा शेवटचा कर्णा म्हणजे या सणाचाच कर्णा, हे जोडलेलं आहे. पौल या दोन्ही ठिकाणी सणाचं नावही घेत नाही. करिंथमध्ये तो शरीराच्या पुनरुत्थानाबद्दल बोलतो आहे, थेस्सलनीकात आपली माणसं गमावलेल्यांना धीर देतो आहे. समजा, तरीही हा सांधा मान्य केला. सण तर दर वर्षी येतो. मग २०२५ हेच वर्ष कुठून आलं? ते लेवीयमध्ये नाही, करिंथमध्ये नाही. ते त्या माणसाच्या दर्शनातून आलं. म्हणजे व्हिडिओत वीस वचनं दाखवली तरी तारखेचा सगळा भार एका माणसाच्या सांगण्यावर आहे. एवढं कागदावर लिहून दाखवलं की बहुतेक लोकांचा श्वास मोकळा होतो.

यावर एक पलटवार येतो, त्याची तयारी ठेवा. तुम्ही मत्तय २४:३६ काढलंत की ते म्हणतात, “हो, पण ‘तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही’ हा त्या सणाबद्दलचाच वाक्प्रचार होता. चंद्रकोर दिसल्याशिवाय सण सुरू होत नसे, म्हणून येशूने त्या शब्दांत सणाकडेच बोट दाखवलं.” पहिल्यांदा ऐकलं की माणूस गोंधळतो. आपल्याला इतिहासाची माहिती नाही, असं वाटून पाळकही गप्प होतो. इतिहासात शिरण्याची गरज नाही, पुढची वचनं वाचा. त्याच वाक्यात येशू म्हणतो की ते देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. सणाची वेळ सुचवायची असती तर हे वाक्य कशाला? लगेच पुढे तो नोहाच्या काळातल्या लोकांचं उदाहरण देतो, त्यांना पूर येईपर्यंत काही कळलं नाही. मग चोराचं उदाहरण, आणि ४४ व्या वचनात तर तुम्हाला वाटणार नाही अशा घटकेस मनुष्याचा पुत्र येईल असं सरळ सांगतो. तिन्ही ठिकाणी मुद्दा एकच, आधी कळणार नाही. प्रेषितांची कृत्ये १:६-७ मध्ये शिष्यांनी वेळ विचारली, तेव्हाही ते काळ पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, असंच त्याने उत्तर दिलं आणि लगेच त्यांना साक्षीच्या कामाला लावलं.

दर्शनाबद्दल बोलताना जपा. मंडळीत देवाने आपल्याशी बोलल्याचा अनुभव सांगणारे लोक असतात, आणि “दर्शनं वगैरे सगळं थोतांड” असा सूर लागला तर त्यांना उगाच लागतं. १ थेस्सलनीका ५:२०-२१ दोन्ही बाजू एकत्र धरतं: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सगळ्याची पारख करा. अनुवाद १८:२१-२२ मध्ये पारखेची एक कसोटीच दिली आहे. परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते बोलणं त्याचं नव्हतं, आणि अशा माणसाची भीती बाळगू नये. २५ सप्टेंबर २०२५ ला सकाळ नेहमीसारखी उजाडली.

समोर बसून बोलताना

एका ताईंनी मला त्या आठवड्यात फोन केला होता. आवाज कापत होता. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा तीन रकान्यांचा कागद माझ्या खिशात होता, पण तो मी काढला नाही. आधी विचारलं, “ताई, व्हिडिओ पाहिल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “माझा मुलगा चर्चला येत नाही, पास्टर. मला घेऊन जातील आणि तो मागे राहील.”

त्यांचा प्रश्न तारखेचा नव्हताच. तारीख खोटी आहे हे मी पुराव्यासकट दाखवलं असतं, तरी त्या रात्री त्यांना झोप आली नसती. आम्ही २ पेत्र ३:८-९ वाचलं. प्रभू उशीर करतो असं काहींना वाटतं, पण तो धीर धरतो आहे, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. मग मुलासाठी नाव घेऊन प्रार्थना केली. निघताना त्यांनीच विचारलं, “मग ती तारीख?” तेव्हा मी कागद काढला. पाच मिनिटं पुरली.

म्हणून हा क्रम पाळा: आधी भीतीचं कारण विचारा, मग ऐका, मग शास्त्रभाग, आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. भीतीमागे कधी आजार असतो, कधी नुकताच झालेला मृत्यू, कधी एखादं पाप मनात खुपत असतं. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याच्याबरोबर १ थेस्सलनीका ४:१३-१८ सावकाश वाचा. त्या परिच्छेदाचा शेवट या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा असा आहे. ज्या परिच्छेदातून व्हिडिओवाला भीती काढतो, तो पौलाने सांत्वनासाठी लिहिला होता, हे त्या माणसाला स्वतः वाचून दिसलं पाहिजे. तुम्ही सांगितल्याने तितकं पोहोचत नाही.

रविवारी सगळ्यांसमोर

सगळ्यांशी बोलायला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. उपदेश बाजूला ठेवून संपूर्ण रविवार एका व्हिडिओला देऊ नका. तसं केलं की ज्यांनी तो पाहिला नव्हता तेही घरी जाऊन पाहतात. व्हिडिओ पडद्यावर लावू नका आणि तो कोणी पाठवला हेही सांगू नका.

मी अशा वेळी २ थेस्सलनीका २:१-३ घेतो. थेस्सलनीकाच्या मंडळीत प्रभूचा दिवस येऊनच ठेपला आहे अशी बातमी पसरली होती. आजच्यासारखी तिथे पुढची तारीख नव्हती, पण बातमी आली त्या वाटा तशाच होत्या. पौल तीन वाटा मोजतो: आत्म्याकडून आल्याचं सांगितलेलं काही, कोणाचं तरी बोलणं, आणि जणू पौलानेच लिहिलं आहे असं भासवणारं पत्र. आज त्याच जागी दर्शन, व्हिडिओ आणि मोठ्या सेवकाचं नाव लावून फिरणारा मजकूर आहे. पौल म्हणतो, एकाएकी चित्त ढळू देऊ नका, घाबरू नका. आणि त्याच पत्राच्या शेवटी, ३:१७ मध्ये, तो स्वतःच्या हाताने सलाम लिहितो आणि ही आपल्या प्रत्येक पत्राची खूण आहे असं सांगतो. म्हणजे हे खरंच माझ्याकडून आलं का ते पाहा, ही शिकवण तेव्हापासून आहे. तरुणांना हा भाग फार पटतो, मूळ कोणाचं हे तपासणं त्यांना सहज जमतं.

याच्या जोडीला लूक २१:८ ठेवा. येशूने तिथे फसवणाऱ्यांची ओळख दिली आहे. ते त्याच्या नावाने येतील आणि वेळ जवळ आली आहे असं म्हणतील, त्यांच्या मागे जाऊ नका.

मग प्रश्न घ्या, आणि इथे मोह आवरा. वर घेतलं जाणं महासंकटाच्या आधी की नंतर, हजार वर्षांचं राज्य कसं समजावं, प्रकटीकरणातली चित्रं कोणत्या काळाची, यावर प्रभूवर मनापासून प्रेम करणाऱ्यांची मतं शेकडो वर्षं वेगवेगळी आहेत. तारखेचा धुरळा उडालेला असताना आपली मांडणी पुढे रेटायची ती वेळ नाही. तुमचं मत विचारलं तर सांगा, पण आधी सगळ्यांना एकत्र ठेवणाऱ्या गोष्टी सांगा: प्रभू परत येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, आणि तो दिवस पित्याच्या हाती आहे. एखाद्या चित्राचा अर्थ ठाऊक नसेल तर तसं सांगा. “मला माहीत नाही, मी वाचून सांगतो” हे ऐकल्यावर लोक व्हिडिओतल्या ठामपणाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

जुनी उदाहरणं द्यायची तर एक-दोनच द्या, आणि हसण्यासाठी नको. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी आधी १९९४, मग २१ मे २०११ सांगितलं. तो दिवस गेल्यावर न्याय आत्मिक रीतीने झाला असं म्हणून त्यांनी २१ ऑक्टोबर दिला. तोही गेला, आणि २०१२ मध्ये त्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. लोकांना दाखवण्यासारखं यात एक आहे: तारीख चुकली की बहुतेक वेळा तारीख बदलते किंवा तिचा अर्थ बदलतो, मुळातला सांधा कोणी तपासत नाही.

पाणी डोक्यावरून जातंय हे कसं ओळखावं

बहुतेकांची भीती दोन-तीन दिवसांत ओसरते. काहींची ओसरत नाही. कोणी नोकरीचा राजीनामा देतो, घर किंवा दागिने विकायला काढतो, मुलांची फी भरायची थांबवतो, औषधं बंद करतो, रात्ररात्र व्हिडिओ पाहत बसतो. अशा वेळी शास्त्रचर्चा पुरत नाही. त्याच दिवशी घरच्या माणसांना सोबत घेऊन भेटा. मोठा आर्थिक निर्णय ती तारीख उलटेपर्यंत थांबवायला सांगा. “तारीख खरी असेल तर पैसा राहिल्याने तुमचं काही बिघडत नाही, खोटी असेल तर तो तुम्हाला लागणार आहे,” एवढा साधा हिशेब अशा माणसाला अनेकदा पटतो. औषध बंद केलं असेल, अनेक रात्री झोप नसेल किंवा जगण्याबद्दल नकोसेपणाचे शब्द निघत असतील, तर डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा. प्रार्थना तिथेही करता येते. थेस्सलनीकातही काहींनी काम सोडलं होतं, आणि पौलाने त्यांना २ थेस्सलनीका ३:१२ मध्ये निवांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितलं.

मुलांकडे वेगळं लक्ष द्या. मोठ्यांच्या बोलण्यातून त्यांच्या कानावर सगळं जातं, पण ती विचारत नाहीत. संडे स्कूलच्या शिक्षकांना आधीच दोन वाक्यं देऊन ठेवा: “येशू परत येणार आहे, तो आपला मित्र आहे. कधी येणार ते फक्त देवबापाला माहीत आहे.” त्यापुढे मुलांनी विचारलं तरच बोलायचं.

तारखेच्या दुसऱ्या दिवशी

हे काम सगळ्यात जास्त राहून जातं. तारीख उलटली की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि विषय मिटला असं समजतो. ज्याने मनापासून विश्वास ठेवला होता तो मात्र त्या सकाळी लाजेने मान खाली घालून बसलेला असतो. त्याला चेष्टा झेपत नाही, आणि “मी म्हटलं नव्हतं का” हे तर मुळीच नाही. काहींचा राग बायबलवरच निघतो: एक खोटं निघालं, मग बाकीचं कशावरून खरं?

म्हणून ज्यांनी विचारलं होतं त्यांची नावं त्याच तीन रकान्यांच्या कागदाच्या मागे लिहून ठेवा, आणि तारखेच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. व्हिडिओचा विषय तुम्ही काढू नका. “कसे आहात?” एवढंच विचारा. बोलायचं असेल तर ते बोलतील. तेव्हा सांगा की चुकला तो बोलणारा, वचनाने त्याला ती तारीख कधी दिलीच नव्हती, आणि कागदावरचा तिसरा रकाना पुन्हा एकदा दाखवा.

२५ सप्टेंबरला त्या ताईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “मुलगा काल रात्री जेवायला थांबला होता, पास्टर. मी त्याला व्हिडिओबद्दल काही बोलले नाही. पेत्राचं ते वचन तेवढं वाचून दाखवलं.”